तापवलेलं दूधसुद्धा का नासतं? गॅस बंद केल्यानंतरच्या पाच तासांची गोष्ट

एप्रिल लागला की आमच्या इमारतीत एकच तक्रार ऐकू येते. सकाळी सातला सुटं दूध घेतलं, लगेच तापवलं, वेळेवर फ्रिजमध्येही ठेवलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी चहाला घेतलं तर पातेल्यात फुटलं. मग सगळा राग दूधवाल्यावर निघतो. कोणी म्हणतं पाणी घातलंय, कोणी म्हणतं आदल्या दिवशीचं दूध मिसळलंय. सणासुदीच्या आसपास भेसळीच्या बातम्या वाचल्या की हा संशय आणखी पक्का होतो.

दूधवाल्याची चूक असूही शकते. पण मी लग्नाआधी आणि नंतरही बरीच वर्षं एका दूध संकलन केंद्रावर तपासणीचं काम केलं आहे, आणि त्या अनुभवावरून सांगते, बहुतेक वेळा दूध आपल्याच स्वयंपाकघरात बिघडतं. तेही तापवताना नाही, तापवून झाल्यावर. नुसतं पाणी घातल्यानं दूध फुटत नाही, ते पातळ होतं. फुटण्याचं कारण वेगळं आहे.

## दूध नासतं म्हणजे नेमकं काय होतं?

दुधात केसीन नावाचं प्रथिन असतं. त्याचे डोळ्यांना न दिसणारे बारीक गोळे दुधात सगळीकडे सुटे तरंगत असतात, मोकळ्या भाताच्या शितांसारखे. ते एकमेकांना चिकटत नाहीत, म्हणून दूध एकसंध पांढरं दिसतं. दुधातले जंतू मात्र दुधातली साखर खाऊन आम्ल तयार करतात. आम्ल वाढलं की गोळ्यांमधलं अंतर राखणारा विद्युतभार कमी होतो आणि शितं चिकटून भाताचा लगदा व्हावा तसे ते एकत्र येतात. त्याला आपण दूध फाटलं म्हणतो.

यातली महत्त्वाची गोष्ट अशी की आम्ल थोडंच वाढलेलं असेल, तर थंड दूध चांगलं दिसतं. चव घेतली तरी पटकन कळत नाही. ते तापवलं की मात्र फुटतं, कारण उष्णतेत ते गोळे आणखी नाजूक होतात. संकलन केंद्रावर आम्ही याचाच उपयोग करायचो. प्रत्येक शेतकऱ्याच्या दुधाचं थोडंसं माप परीक्षानळीत घेऊन ती उकळत्या पाण्यात धरायची. पाच मिनिटांत काचेवर कण दिसले की ते दूध परत. त्या शेतकऱ्याचा चेहरा पडलेला मी पुष्कळदा पाहिला आहे, कारण घरून निघताना दूध त्याला अगदी ताजं दिसलेलं असायचं.

म्हणजे तुमच्या पातेल्यात सकाळी फुटलेलं दूध सकाळी बिघडलेलं नसतं. ते आदल्या दिवशी दुपारीच बिघडायला लागलेलं असतं.

## पण उकळल्यावर सगळे जंतू मरतात ना?

बहुतेक मरतात. क्षय, विषमज्वर, ब्रुसेलोसिस असे आजार देणारे जंतू उकळत्या दुधात टिकत नाहीत. डेअरीतलं पाश्चरीकरण, म्हणजे दूध ठराविक तापमानाला ठराविक वेळ तापवण्याची पद्धत, ७२ अंश सेल्सिअसवर फक्त १५ सेकंदांत हे काम करते. आपण घरी त्याहून कितीतरी जास्त तापवतो.

काही जंतू मात्र कठीण काळात स्वतःभोवती टणक कवच तयार करतात. त्यांना बीजाणू म्हणतात. डोंगराला वणवा लागला की सगळं गवत जळून डोंगर काळा पडतो, पण पहिल्या पावसात पुन्हा हिरवा होतो, कारण मातीतलं बी शिल्लक असतं. दुधाचंही तसंच आहे. बीजाणू मातीतून, शेणातून, वैरणीतून, कासेवरच्या धुळीतून दुधात येतात आणि उकळूनही जिवंत राहतात. उलट उष्णतेचा चटका बसला की त्यातले बरेच जागे होऊन रुजायला तयार होतात.

आणखी एक गोष्ट घडते. कच्च्या दुधात आंबट करणाऱ्या जंतूंची गर्दी असते, त्यामुळे बीजाणूंना वाढायला फारशी जागा मिळत नाही. उकळल्यावर ती गर्दी नाहीशी होते आणि रान मोकळं होतं. भरीला आपण नंतर पळी बुडवतो, झाकण उघडं ठेवतो, पातेल्याच्या काठावर कालच्या दुधाचा वाळलेला पापुद्रा राहिलेला असतो. त्यातून नवे जंतू आत येतात. त्यांना आता फक्त ऊब हवी असते.

## खरी गडबड ओट्यावर होते

मागच्या उन्हाळ्यात मी स्वयंपाकाचा तापमापक घेऊन घरीच मोजून पाहिलं. दीड लिटर दूध, नेहमीचं स्टीलचं पातेलं, स्वयंपाकघरात ३२ अंश. साडेसातला गॅस बंद करून पातेलं ओट्यावर ठेवलं, वर जाळी. साडेआठला दूध ६६ अंशांवर होतं. साडेनऊला ५२. साडेदहाला ४४. दुपारी साडेबाराला पातेल्याला हात लावला तर कोमट वाटलं, आणि तापमापकानं ३७ दाखवलं. ३७ म्हणजे माणसाच्या अंगाचं तापमान. जंतूंना याहून चांगली जागा मिळणार नाही.

साधारण ६० अंशांच्या वर जंतू वाढत नाहीत आणि ५ अंशांच्या खाली अगदी सावकाश वाढतात. मधला पट्टा धोक्याचा, त्यातही ५० ते २० अंशांमधला सर्वात जास्त. ओट्यावरचं दूध साडेनऊपासून या पट्ट्यात शिरलं आणि तिथंच रेंगाळलं.

आता एक हिशेब करू. समजा उकळल्यानंतर दुधाच्या दर मिलिलीटरमध्ये एक हजार जंतू आहेत, काही टिकून राहिलेले, काही पळीबरोबर आलेले. उबेत ते अर्ध्या तासात दुप्पट होतात असं धरू. साडेनऊ ते दीड हे चार तास ओट्यावर गेले. मग पातेलं फ्रिजमध्ये ठेवलं, पण आत ठेवल्याबरोबर दूध गार होत नाही, निदान तासभर ते चांगलंच उबदार राहतं. चार वाजता चहासाठी बाहेर काढलं आणि पाहुणे आले म्हणून दोन तास तसंच ओट्यावर राहिलं. एकूण सात तास ऊब, म्हणजे चौदा वेळा दुप्पट. हजाराचे होतात एक कोटी साठ लाखांहून जास्त. एवढ्या संख्येनंतर दूध तापवलं की फुटतं.

हेच दूध अर्ध्या तासात गार झालं असतं आणि दिवसभरात एकूण एकच तास उबेत राहिलं असतं, तर हजाराचे चार हजार झाले असते. एक कोटी साठ लाख आणि चार हजार यातला फरक उकळण्यामुळे पडलेला नाही. दोन्ही पातेली सारखीच उकळली होती.

डेअरीचं गुपितही हेच आहे. तिथं दूध आपल्यापेक्षा कमी तापवतात, पण ७२ अंशांवरून ते लगेच ४ अंशांवर आणतात, काही सेकंदांत ते मिनिटभरात. आपण घरी तापवण्याचं काम त्यांच्याहून जास्त करतो आणि गार करणं हवेवर सोडून देतो.

## ऊत आला म्हणजे दूध उकळलं का?

गार करण्याकडे वळण्याआधी तापवण्याबद्दल एक गोष्ट सांगायला हवी, कारण इथंही घाई होते. दूध वर येतं तेव्हा ते सगळं उकळलेलं असतंच असं नाही. वरच्या थरावर प्रथिन आणि स्निग्धांशाची साय धरते. खालून निघालेली वाफ तिच्याखाली अडकते आणि सगळा फेस उचलला जातो. तळाला दूध उकळत असतं, पण सायीजवळचा आणि कडेचा थर तितका गरम नसतो. न ढवळता मोठ्या आचेवर ठेवलं तर हा फरक आणखी वाढतो.

म्हणून मी असं करते. पातेलं आधी पाण्यानं विसळून घेते, म्हणजे दूध बुडाला कमी लागतं. मध्यम आचेवर ठेवून दोन-तीनदा तळापासून ढवळते. ऊत आला की आच मंद करते आणि ढवळत दोन-तीन मिनिटं उकळू देते. तेवढं पुरतं. दहा-पंधरा मिनिटं उकळून दूध आटतं आणि दाट लागतं, पण बीजाणू त्यानंही मरत नाहीत. जास्त उकळलं की जास्त टिकेल हा समज चुकीचा आहे.

दूध आल्या आल्या तापवायचं हेही लक्षात ठेवा. पहाटे साडेचार-पाचला धार काढली, साडेसहा-सातला तुमच्या दारात आलं, तोपर्यंत दोन तास उबेत गेलेलेच असतात. आधी आंघोळ-पूजा उरकू आणि मग तापवू म्हणून नऊ वाजवले तर जंतूंना आणखी दोन तास मिळतात. निरसं दूध दोन दिवस फ्रिजमध्ये ठेवून मग तापवणंही बरं नाही. गारव्यातही वाढणारे काही जंतू असतात. ते उकळल्यावर मरतात, पण त्यांनी सोडलेले पाचक रस उष्णतेला दाद देत नाहीत आणि दूध कडवट लागायला लागतं.

## पाण्यात गार करणं, एकदा पूर्ण करून पाहू

आमच्या आजीकडे दूध गार करायला परातीत पाणी घ्यायचे. कल्पना अगदी बरोबर होती, फक्त परातीतलं पाणी कमी पडायचं. का ते पाहू.

दीड लिटर उकळतं दूध, आणि त्याभोवती चार लिटर साधं पाणी, २८ अंशांचं. दुधाची उष्णता पाण्यात जाते आणि दोघांचं तापमान एक होईपर्यंत जात राहते. हिशेब केला तर ते साधारण ४७ अंशांवर थांबतं. म्हणजे बाहेरचं पाणी आंघोळीच्या पाण्याइतकं गरम होतं आणि दूध नेमकं धोक्याच्या पट्ट्यात अडकतं. बरेच जण इथंच सोडतात. दूध पाण्यात तर ठेवलंय, आता गार होईलच, असं त्यांना वाटतं. पण गरम पाणी बाहेरून उबदार पांघरुणासारखं काम करतं आणि दूध हवेत ठेवलं असतं त्याहूनही हळू गार होतं.

तेव्हा पाणी बदलायचं. दुसऱ्या चार लिटर पाण्यात दूध साधारण ३३ अंशांपर्यंत येतं, तिसऱ्यात ३० च्या आत. तिसऱ्या पाण्यात बर्फाचा एक ट्रे किंवा फ्रिजमधली गार पाण्याची बाटली ओतली तर दूध २५ च्या आसपास येतं. सगळं मिळून वीस ते पंचवीस मिनिटं लागतात.

भांडं परातीपेक्षा खोल हवं. मोठा टोप किंवा छोटी बादली चालते. बाहेरचं पाणी आतल्या दुधाच्या उंचीएवढं यायला हवं, नाहीतर वरचं दूध गरमच राहतं. पातेल्याचा काठ मात्र पाण्याच्या बराच वर असू द्या, कारण नळाच्या पाण्याचा एक थेंब जरी आत गेला तरी उकळून मिळवलेलं पुसलं जातं. उकळताना वापरलेली पळीच आत राहू द्यायची आणि दर दोन-तीन मिनिटांनी सावकाश ढवळायचं. न ढवळता ठेवलेल्या पातेल्यात कडेचं दूध गार होतं आणि मधलं तासभर गरम राहतं.

साय हवी असणाऱ्यांना हे ढवळणं पटणार नाही, माझ्या सासूबाईंनाही पटलं नव्हतं. हवेवर सावकाश निवलेल्या दुधावर साय जाड धरते हे खरं आहे. पण ढवळून गार केलेलं दूध रात्रभर फ्रिजमध्ये राहिलं की सकाळी त्यावरही साय येते, विशेषतः म्हशीच्या दुधावर. ती पूर्वीइतकी घट्ट पोळीसारखी नसते, पण लोणी निघतं.

निवताना वर घट्ट झाकण नको. वाफ कोंडली की दूध उशिरा गार होतं. जाळी किंवा पातळ स्वच्छ कापड पुरतं.

## गरम दूध फ्रिजमध्ये ठेवलं तर फ्रिज बिघडतो का?

फ्रिज बिघडत नाही, पण उकळतं पातेलं आत ठेवलं तर आतली हवा तापते आणि शेजारच्या कालच्या वरणापासून दह्यापर्यंत सगळ्याला ऊब लागते. उलट दूध पूर्ण गार होईपर्यंत दुपारपर्यंत बाहेर ठेवणं त्याहून वाईट. हाताला कोमटही लागत नाही इतकं झालं की आत ठेवावं.

फ्रिजबद्दल आपला एक गैरसमज असतो, की आत ठेवल्याबरोबर वस्तू थंड होते. तसं होत नाही. आतली हवा थंड असली तरी हवा उष्णता फार सावकाश ओढून घेते. माझ्या त्याच पातेल्यात ३७ अंशांचं दूध आत ठेवलं तेव्हा तीन तासांनीही ते २० अंशांच्या आसपास होतं. म्हणून आधी पाण्यात गार करणं महत्त्वाचं. शक्य असेल तर दूध दोन लहान भांड्यांत वाटून ठेवावं. लहान भांडं लवकर थंड होतं, आणि एक दिवसाच्या चहाला वापरायचं, दुसऱ्याला रात्रीपर्यंत हात लावायचा नाही, अशी सोय होते. दर वेळी मोठं पातेलं बाहेर काढून पुन्हा आत ठेवण्यात रोज दोन-तीन तास उबेत जातात.

दूध दाराच्या कप्प्यात ठेवू नका, ती फ्रिजमधली सर्वात उबदार जागा. मागच्या बाजूला, मधल्या किंवा खालच्या फळीवर ठेवा. भारनियमन झालं तर दार उघडायचं नाही. बंद फ्रिज साधारण चार तास थंडावा धरून ठेवतो. असं सांभाळलेलं दूध मी दोन दिवसांत संपवते. जुन्या दुधावर नवं दूध कधीच ओतत नाही. जुन्यातले लाखो जंतू ताज्या दुधात नेऊन सोडायचं काय कारण?

## चिमूटभर खायचा सोडा घातला तर दूध फुटत नाही, मग घालायला काय हरकत आहे?

हा प्रश्न मला फार वेळा विचारला जातो आणि मला त्याची खरोखर काळजी वाटते. सोडा आम्ल मारतो, म्हणून दूध फुटत नाही हे खरं आहे. पण जंतू तसेच राहतात आणि वाढतही राहतात. दूध फुटणं हा घरातला धोक्याचा भोंगा आहे. सोडा घातल्यानं आग विझत नाही, फक्त भोंग्याची तार कापली जाते. वर दूध पिणाऱ्याला, बऱ्याचदा घरातल्या लहान मुलाला, ते ताजं समजून दिलं जातं.

दूधवाल्यानं असा सोडा घालणं ही अन्नसुरक्षा कायद्यानं भेसळच आहे. भर मे महिन्यात दिवसभर ओट्यावर राहूनही दूध मुळीच फुटत नसेल तर मला आनंद होत नाही, शंका येते. अशा वेळी दूधवाल्याला धार किती वाजता काढली, दूध कशात आणलं हे सरळ विचारावं. दूध टिकावं म्हणून कॅनमध्ये बर्फाचे खडे टाकलेले दिसले तर तेही नको म्हणावं. तो बर्फ कोणत्या पाण्याचा असतो ते आपल्याला माहीत नसतं. बर्फ कॅनच्या बाहेरून लावला तर चांगलंच.

## फाटलं तर फाटलं, पुन्हा उकळून पनीर करू?

थोडं थांबून विचार करायला हवा. सकाळीच आलेलं दूध तापवताना फुटलं, वास स्वच्छ किंवा किंचित आंबट आहे, तर त्याचं पनीर किंवा कलाकंद करणारी घरं आहेत आणि त्यात फारसा धोका नाही. पण दूध कित्येक तास उबेत राहून मग फुटलं असेल तर ते टाकून द्यावं. काही जंतू वाढताना विष सोडतात. जंतू उकळल्यावर मरतात, पण यातली काही विषं उकळूनही नाहीशी होत नाहीत. असं दूध पोटात गेलं की काही तासांतच उलट्या सुरू होऊ शकतात. पुन्हा उकळणं म्हणजे झालेली चूक पुसणं नाही.

एक खूण खास लक्षात ठेवा. कधी कधी दूध फाटतं पण आंबट लागत नाही, उलट कडवट किंवा बेचव लागतं, वर बारीक तुकडे तरंगतात. हे बहुधा बीजाणूंतून रुजलेल्या जंतूंचं काम असतं. ते आम्लाशिवाय, थेट पाचक रसांनी प्रथिन तोडतात. आंबट नाही म्हणजे चांगलं आहे असं समजून हे दूध वापरू नका. दूध ओतताना तार धरत असेल, चिकट लागत असेल तरीही फेकावं.

## आम्ही लहानपणी धारोष्ण दूध प्यायलो, आम्हाला काही झालं नाही

असं सांगणारे बरेच काका-मामा मला भेटतात आणि त्यांना खरंच काही झालेलं नसतं. पण ब्रुसेलोसिस हा आजार गोठ्यातून माणसात येतो, आणि निरसं दूध हा त्याचा एक ओळखीचा मार्ग आहे. जनावराचा गर्भपात होतो, बाकी ते निरोगी दिसतं. माणसाला मात्र आठवडेच्या आठवडे येणारा-जाणारा ताप, रात्री घाम आणि सांधेदुखी होते, आणि निदान व्हायलाच बराच काळ जातो. दूध उकळल्यानं काही जीवनसत्त्वं थोडी कमी होतात, पण प्रथिनं आणि कॅल्शियम जसंच्या तसं राहतं. सत्यनारायणाच्या पंचामृतातही आता मी तापवून गार केलेलं दूध घेते. प्रसाद घेणाऱ्यांत लहान मुलं आणि गर्भवती मुली असतात.

## कोजागरीचं दूध

हाच सगळा हिशेब मोठ्या पातेल्यात कसा बदलतो ते कोजागरीला दिसतं. इमारतीच्या गच्चीवर बारा लिटर दूध आटवलं जातं. पातेल्याची उंची-रुंदी दुप्पट झाली की दूध आठपट होतं, पण हवा लागणारा पृष्ठभाग चौपटच वाढतो. म्हणून मोठं पातेलं फार सावकाश गार होतं. रात्री साडेदहाला उतरवलेलं दूध सकाळी सातला हात लावून पाहा, ऊब लागेल. वरून त्यात वेलची, जायफळ, केशर, सुक्या मेव्याची पूड पडलेली असते, आणि मसाल्यांबरोबर बीजाणू येतात. ऑक्टोबर हीट असते ती वेगळीच.

आमच्याकडे एक वर्ष उरलेलं पाच-सहा लिटर दूध तसंच पातेल्यात राहिलं आणि सकाळी घरोघरी वाटलं गेलं. दुपारपर्यंत चार घरांत मुलांना उलट्या सुरू झाल्या होत्या. तेव्हापासून दोन गोष्टी ठरवल्या आहेत. दूध उकळत असतानाच मसाला घालायचा, वरून नाही. आणि पेले वाटून झाले की उरलेलं दूध रात्रीच लहान डब्यांत घालून, पाण्याच्या टबात गार करून, ज्याच्या त्याच्या फ्रिजमध्ये पाठवायचं. सकाळपर्यंत वाट पाहायची नाही.

## फ्रिजच नसेल तर?

मग दूध साठवायचं नाही, थोडं घ्यायचं. सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा, दोन्ही वेळी लागेल तेवढंच. उन्हाळ्यात सकाळचं दूध दर चार तासांनी दोन मिनिटं उकळून पुन्हा पाण्यात गार करायचं, हा जुना उपाय चालतो, कारण प्रत्येक उकळीबरोबर नुकतेच रुजलेले जंतू मरतात. फक्त वेळ पाळायला हवी. आठ तासांनी उकळलं तर तोवर विष तयार झालेलं असू शकतं.

मातीच्या मोठ्या पसरट भांड्यात पाणी, त्यात दुधाचं भांडं, आणि त्याभोवती ओलं कापड, त्याचं टोक पाण्यात बुडलेलं, वारा येईल अशा खिडकीत. पाणी वाळताना उष्णता घेऊन जातं, त्यामुळे विदर्भ-मराठवाड्याच्या कोरड्या उन्हाळ्यात दूध हवेपेक्षा चांगलंच गार राहतं. कोकणात, किंवा पावसाळ्यात कुठेही, हवेत आधीच ओलावा असतो, कापड वाळतच नाही आणि हा उपाय जवळजवळ निकामी होतो. तिथं संध्याकाळी दूध उरणार असं दिसलं की ते दुपारीच पुन्हा उकळून, कोमट झाल्यावर विरजून टाकावं. विरजणातले जंतू झपाट्यानं आम्ल करतात, आणि त्या आंबटपणात बाकीचे बहुतेक जंतू वाढू शकत नाहीत. विरजायला घेतलेलं दूध मात्र नुकतंच उकळलेलं हवं. नासायला लागलेल्या दुधाचं दही लागतं, पण ते ताक घशाखाली उतरवू नये.